शोकेस मापायची ती रस्त्यावरून

पितृपंधरवडा म्हणजे कपड्यांच्या दुकानातला सामसुमीचा काळ. गणपती गावाला गेलेले असतात, घट बसायला अवकाश असतो, आणि या दिवसांत नवं कापड घरात आणायचं नाही असं मानणारी कुटुंबं आजही पुष्कळ आहेत. बहुतेक दुकानदार हे दिवस माल लावण्यात आणि उधाऱ्या वसूल करण्यात घालवतात. पण दिवाळीची शोकेस ठरवायला याच्याइतका चांगला मुहूर्त दुसरा नाही. सुतार मोकळा असतो, वायरमन फोन उचलतो आणि काचेपुढे गर्दी नसल्यामुळे नीट उभं राहून बघता येतं. एकदा नवरात्र लागलं की दुकानदाराला जेवायला फुरसत नसते. मग शोकेस लागते ती धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री, हाताला लागेल त्या झेंडूच्या माळा, दोन कंदील आणि ‘शुभ दीपावली’चा फलक लावून. तोवर गावातली निम्मी खरेदी उरकलेली असते.

उदाहरणासाठी एक साधंसं दुकान घेऊ. साताऱ्यात, नगरमध्ये किंवा डोंबिवलीत, कुठल्याही बाजारपेठेत सापडेल असा बारा फुटी गाळा. त्यातलं चार फूट दार, उरलेली आठ फूट काच. काचेची उंची सात फूट, आतली खोली जेमतेम अडीच फूट. शोकेसचा तळ फुटपाथपासून एक फूट वर. साड्या, ड्रेस मटेरियल, लहान मुलांचे कपडे आणि थोडे जेंट्स कुर्ते. मालक, घरचं एखादं माणूस आणि दोन मुली कामाला. सजावटीसाठी बाहेरचा माणूस बोलवावा एवढी उलाढाल नाही.

अशा दुकानात शोकेसची आखणी आतून होते आणि तिथेच घोटाळा होतो. मालक काउंटरमागून बघतो, डमी सरळ उभे करतो, आतून सगळं छान दिसतं. गिऱ्हाईक मात्र रस्त्यावर असतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे संध्याकाळी सातच्या सुमारास रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर पाच-दहा मिनिटं उभं राहणं आणि तिथून काय काय दिसतं ते कागदावर काढणं. कुठल्याही गावच्या बाजारात सगळ्यांत आधी दिसते ती स्कूटरची रांग. स्कूटरची सीट जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असते, हँडल आणि आरसे धरले तर उंची पावणेचार फुटांवर जाते. म्हणजे काचेचा खालचा दीड फूट पलीकडून पाहणाऱ्याला दिसतच नाही आणि त्याच्या वरचा फूटभर तुकड्या-तुकड्यांत दिसतो. बहुतेक दुकानांत लहान मुलांचे डमी नेमके तिथेच, पुढे आणि खाली, ठेवलेले असतात. जरीचं परकर-पोलकं घातलेली तीन फुटी मुलगी दिवाळीचे सगळे दिवस कुणाच्या तरी डिकीमागे उभी असते.

यावर उपाय सोपा वाटतो: प्लायचा चौथरा करून सगळं उचलायचं. पण इथे दुसरं माप आडवं येतं. डोक्यासकट बायकांचा डमी पावणेसहा फुटांच्या आसपास भरतो. दीड फुटी चौथऱ्यावर चढवला की सात फुटी काचेत त्याचं डोकं वरच्या पट्टीआड जातं. एक फुटाचा चौथरा केला तर तो कसाबसा बसतो. म्हणून छोट्या शोकेसमध्ये बिनडोक्याचे डमी जास्त कामाचे. ते जवळजवळ फूटभर ठेंगणे असतात, दीड फुटी चौथऱ्यावर आरामात उभे राहतात आणि डोक्यावर कंदील टांगायला जागा उरते. लहान मुलीच्या डमीखाली मात्र दोन फुटी खोकं हवंच.

फुटपाथवर उभं राहिल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते. काचेला समोरासमोर तोंड करून चालणारा माणूस नसतोच. लोक दुकानाच्या कडेकडेने चालतात आणि काच त्यांना तिरकी दिसते. संध्याकाळी गर्दीचा ओघही बहुधा एकाच बाजूने जास्त असतो, एसटी स्टँडकडून म्हणा किंवा मंडईकडून म्हणा. डमी काचेला समांतर उभे केले तर येणाऱ्या माणसाला त्यांचे खांदे दिसतात, कपड्याचं समोरचं अंग दिसतं ते दुकान मागे पडता पडता. ओघ ज्या बाजूचा त्या बाजूला डमी थोडे वळवले, तर तोच कपडा आठ-दहा पावलं आधीपासून नजरेत राहतो. याला खर्च शून्य. तरीही बाजारात फिरून पाहिलं तर दहातल्या आठ शोकेसमध्ये डमी कवायतीला उभे असल्यासारखे दिसतील.

आता आत काय ठेवायचं? आठ फुटांत तीन डमी पुरे, फार तर एक लहान मुलाचा चौथा. दुकानदाराला हे पटवणं अवघड असतं, कारण त्याला वाटतं की जे दाखवलं नाही ते विकलं जाणार नाही. म्हणून मग काचेला आतून हँगर लटकतात, मोकळ्या जागेत घड्या घातलेल्या साड्यांचे ढीग येतात आणि पलीकडच्या फुटपाथवरून बघणाऱ्याला रंगीत गिचमिडीपलीकडे काही दिसत नाही. मधला डमी सर्वांत उंच, बाजूचे दोन थोडे खाली आणि मागच्या भिंतीचा निदान तिसरा हिस्सा रिकामा, एवढं पाळलं तर नजर आपोआप मधल्या कपड्यावर जाऊन थांबते.

कपडा निवडण्याची कसोटी मात्र सौंदर्याची नाही, साठ्याची आहे. मालकाचा कल साहजिकच दुकानातली सर्वांत भारी, एकुलती एक साडी काचेत लावण्याकडे असतो. मग गर्दीच्या वेळी कुणीतरी आत येऊन म्हणतं, “ती बाहेर लावलीय ना, तीच काढा.” डमीवरून साडी उतरवायची म्हणजे पिना काढा, निऱ्या सोडा, इस्त्री फिरवा. दाटीच्या वेळी एक मुलगी अर्धा तास त्यात अडकते, शोकेसमध्ये उघडा डमी उभा राहतो आणि गिऱ्हाईक साडी बघून “फॉल-बिडिंग नाही का केलेलं?” म्हणून निघून जातं. म्हणून काचेत तेच लावावं ज्याचे निदान दहा-बारा नग आत आहेत, आणि रेडिमेड असेल तर सगळ्या साइझमध्ये आहेत. कुर्त्याचे फक्त ४४ नंबर उरले असतील तर तो कितीही देखणा असो, काचेत त्याचं काम नाही.

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस असतात. या वीस दिवसांत एकच शोकेस ठेवणं ही छोट्या दुकानाची सगळ्यांत महागात पडणारी सवय. याचं कारण शिंप्याकडे आहे. ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवून हवा असेल तर कापड आधी घ्यावं लागतं, आणि चांगला शिंपी दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधीच ‘आता ऑर्डर बंद’ म्हणून पाटी लावतो. त्या पाटीनंतर काचेतलं ड्रेस मटेरियल बघून बाई फक्त हळहळते. म्हणून पहिली शोकेस साड्यांची आणि शिवायच्या कापडाची. ती दसऱ्याच्या आधी लागलेली हवी आणि शिंप्याची पाटी लागेपर्यंत राहिली पाहिजे. दुकानदाराने पितृपंधरवड्यातच आसपासच्या दोन-तीन शिंप्यांना ती तारीख विचारून ठेवावी. त्या एका प्रश्नाने सगळं वेळापत्रक ठरतं.

दुसरी शोकेस रेडिमेडची. मुलांचे कपडे, कुर्ते, शिवलेले ड्रेस. हिला वसुबारसेपर्यंतचे दिवस मिळतात. तिसरी खरं तर नवी शोकेस नव्हेच, फक्त फेरफार असतो. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत जे आत शिरतात त्यांत पुरुष बरेच असतात: पाडव्याची ओवाळणी राहिलेले नवरे आणि बहिणीकडे जायची गाडी पकडायची असलेले भाऊ. त्यांना निवड करायची नसते, सुटका हवी असते. मधल्या डमीच्या पायाशी कागदात बांधून तयार असलेल्या चार साड्या आणि त्यावर ठळक किंमत, एवढं त्यांना पुरतं.

नवरात्रातल्या नऊ रंगांचं काय, असा प्रश्न या वेळापत्रकात हमखास येतो. मुंबईतल्या वर्तमानपत्रांनी रुजवलेली ही टूम आता गावोगावच्या बँकांत आणि शाळांत पोचली आहे. रोज रात्री सगळी शोकेस बदलणं छोट्या दुकानाला झेपत नाही, आणि त्याची गरजही नसते. दाराजवळचा एक डमी रंगासाठी राखायचा, बाकीचे दोन हलवायचे नाहीत. त्याला रोज दुसऱ्या दिवशीचा रंग घालायचा, त्या दिवशीचा नव्हे. आजचा रंग आज बघून उपयोग काय?

साडी डमीवर नेसवताना एक अडचण येते, ती नेसवल्याशिवाय कळत नाही. साडीत सर्वांत देखणा असतो पदर. पैठणीचे मोर तिथे, जरीचा पट्टा तिथे. आणि आपल्याकडच्या नेहमीच्या पद्धतीने नेसवली की पदर डाव्या खांद्यावरून पाठीमागे जातो. म्हणजे ज्याच्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजणार ते मागच्या प्लायला दाखवलं जातं. जाणते लोक यावर दोन तोडगे काढतात. एक, पदर मागून उजव्या हाताखालून पुन्हा पुढे आणून डमीच्या कोपरावर पसरायचा. दुसरा, गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे सोडायचा, म्हणजे तो छातीवर उघडा पसरतो. काठापदराच्या साडीला दुसरा तोडगा जास्त शोभतो, पण मराठी गावात काही बायकांना तो ‘आपला’ वाटत नाही. तेव्हा मधल्या डमीला पहिला बरा.

डमीला कंबर गुळगुळीत असते, त्यामुळे साडेपाच मीटरचं वजन रात्रभरात घसरतं आणि सकाळी निऱ्या जमिनीवर लोळताना दिसतात. आत सुती परकर आणि त्यावर घट्ट पट्टा बांधला की साडी धरून राहते. पिना लावायच्या त्या निऱ्यांच्या आतल्या बाजूला आणि खांद्यावर घडीच्या खाली. जरीत पिन घुसवली की धागा तुटतो आणि तो नग पूर्ण किमतीला विकता येत नाही. घडीवरच्या रेषा वाफेच्या इस्त्रीने आधीच काढाव्यात. त्या काउंटरवर जाणवत नाहीत, दिव्याखाली मात्र लांबूनही दिसतात.

मागच्या भिंतीचा रंग ठरवताना दिवाळी स्वतःच आड येते. झेंडू नारिंगी, तोरण नारिंगी, पणत्या तपकिरी, आणि सणाचे कपडे मरून, राणी, शेंदरी. सगळं एकमेकांत विरघळतं. मरून पैठणीमागे झेंडूची जाड भिंत केली तर पलीकडून दिसतो फक्त झेंडू. मागे फिकट मोतिया किंवा पिस्ता रंगाचा एक हात द्यावा आणि झेंडू कमी, एका कोपऱ्यात वरून खाली आलेल्या चार-पाच सरांइतकाच. तोही खोटाच घ्यावा. खरा झेंडू दोन दिवसांत काळवंडतो आणि त्याचा ओलसर डाग रेशमावर पडला तर निघत नाही. कंदील पतंगी कागदाचे, बांबूच्या काड्यांचे घ्यावेत. वजनाला हलके असल्याने नायलॉनच्या दोऱ्याने छताच्या हुकाला टांगता येतात आणि मारुतीच्या देवळापुढे विकणाऱ्या कारागिराकडेही मिळतात. थर्माकोलचा विचार डोक्यातून काढून टाकावा. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

फिकट रंगाची शिफारस फक्त शोभेसाठी नाही. साध्या काचेवर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८ टक्के परत फिरतो. ऐकायला थोडा वाटतो, पण दुपारी दोनला समोरची इमारत उन्हात तळपत असते आणि शोकेसच्या आत तिच्या मानाने अंधारच असतो. मग तो ८ टक्के जिंकतो. बघणाऱ्याला काचेत समोरचं मेडिकल, वडापावची गाडी आणि स्वतःचा चेहरा दिसतो. मागे गडद निळं किंवा काळं कापड लावलं की काचेचा पुरता आरसा होतो, आणि ‘दागिन्यांच्या दुकानासारखं भारी दिसतं’ म्हणून बरेच जण तेच लावतात. यावर इलाज तीन: मागची भिंत फिकट, काचेच्या वर बाहेर दोन-अडीच फूट पुढे आलेलं छत, आणि दिवसाही चालू असलेले दिवे.

दिव्यांच्या बाबतीत लंडनच्या सेल्फ्रिजेसचं उदाहरण आजही दिलं जातं. हे दुकान १५ मार्च १९०९ रोजी उघडलं आणि मालक हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांनी दुकान बंद झाल्यावरही रात्री शोकेस उजळत ठेवल्या. त्याच्याही आधी अमेरिकेत एल. फ्रँक बाउम नावाचा गृहस्थ शोकेस कशी सजवावी यावर १८९७ पासून एक मासिक काढत होता. त्याने १९०० साली या विषयावर पुस्तकही लिहिलं. त्याच वर्षी त्याचं दुसरं एक पुस्तक आलं, ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’, आणि मग शोकेसचं काम मागे पडलं.

आपल्या बारा फुटी गाळ्याला सेल्फ्रिजची गरज नाही, पाच-सहा फोकस लाइट पुरतात. बारा ते पंधरा वॅटचे एलईडी, छताला काचेच्या अगदी जवळच्या पट्टीवर लावलेले आणि आतल्या बाजूला कललेले. बहुतेक ठिकाणी दिवा डमीच्या डोक्यावर बरोबर मध्ये असतो. त्याने खांदे पांढरे पडतात आणि कपड्याचा पुढचा भाग सावलीत जातो. खोक्यावरचे दोन आकडे मात्र वाचून घ्यावेत. एक, रंगछटा: ३००० केल्विन म्हणजे पिवळसर उबदार, ६५०० म्हणजे ट्यूबलाइटसारखा निळसर पांढरा. जरी, लाल आणि मरून ३००० ला खुलतात, ६५०० मध्ये प्रेतकळा येते. दुसरा, सीआरआय. तो ९०च्या वर असेल तर गिऱ्हाईक साडी दारात नेऊन ‘उजेडात वेगळीच दिसते’ असं म्हणत नाही. असे सहा दिवे मिळून ८०-९० वॅट ओढतात. सकाळी दहा ते रात्री अकरा चालू ठेवले तर दिवसाला एक-सव्वा युनिट. व्यापारी दर चढा धरला तरी दिवसाचा खर्च दोन-तीन चहांत बसतो.

शोकेसमध्ये पेटती पणती ठेवायची नाही, लक्ष्मीपूजनालाही नाही. आत प्लाय, कागद, सिंथेटिक कापड आणि बंद जागा. त्याहून मोठा धोका न दिसणारा असतो: चौथऱ्यावर अंथरलेल्या कापडाखाली लपवलेला एक्स्टेंशन बोर्ड आणि त्यात खुपसलेल्या स्वस्त माळांच्या तीन पिना. बोर्ड उघड्यावर, भिंतीला स्क्रूने बसवलेला हवा. तासाभराने हात लावून पाहावं. पिन कोमट लागली तरी ती माळ काढावी.

आता किंमत. ‘किंमत लावली की गिऱ्हाईक आत येत नाही’ ही जुनी समजूत लोक सोडायला तयार नाहीत. प्रत्यक्षात मध्यमवर्गीय गिऱ्हाईक उलट कारणाने बाहेर थांबतं: साडी भारी दिसते, किंमत दिसत नाही, आत गेल्यावर नाही म्हणायची पंचाईत नको. म्हणून निदान एका कपड्यावर तरी किंमत हवीच, आणि तीही मधल्या पल्ल्यातली. आकडा वाचता येण्याचा ठोकताळा असा की इंचभर उंचीचं अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येतं. काचेजवळून जाणाऱ्याला इंचाचा आकडा पुरतो. समोरच्या फुटपाथवरून, तीस फुटांवरून, काही वाचलं जावं असं वाटत असेल तर अक्षर तीन इंचांचं हवं आणि मजकूर चार-पाच शब्दांचा. ‘भव्य दिवाळी महोत्सव, मर्यादित कालावधीसाठी आकर्षक सवलत’ एवढं तीन इंचांत लिहायला आठ फूट काच पुरायची नाही. ‘मुलांचे कपडे ४५० पासून’ सहज बसतं.

सगळं लागल्यावर पुन्हा समोर जाऊन मोबाइलवर दोन फोटो काढायचे, एक दुपारी दोनला आणि एक संध्याकाळी सातला. फोटो कृष्णधवल करून लहान आकारात बघायचा. रंग काढून घेतल्यावरही मधला कपडा भिंतीपासून वेगळा दिसत असेल तर काम झालं. दिसत नसेल तर भिंत, दिवा किंवा कपडा यांपैकी एक बदलायचा, तिन्ही नव्हे. म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. मग काउंटरवर एक वही ठेवायची आणि ‘बाहेर लावलंय ते दाखवा’ असं कुणी म्हटलं की तो कपडा टिपायचा. तीन दिवसांत एकदाही नाव न निघालेला कपडा चौथ्या दिवशी उतरवायचा, मालकाच्या बायकोने स्वतः सुरतेहून आणलेला असला तरी.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाला एक जादा काम असतं. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन तिरकं थेट काचेत शिरतं आणि आठवड्याभरात गडद कापडाचा पुढचा भाग विटतो. साडी उतरवून घडी उलगडली की उन्हाकडची बाजू आणि आतली बाजू यांत सरळ रेष दिसते. तिथे कपडे चार-पाच दिवसांनी बदलावेत, राणी आणि जांभळा रंग तर आणखी लवकर.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कंदील उतरवले जातात ते कागद फाटू न देता, दोरे हुकालाच ठेवून. काचेतून निघालेले नग मूळ गठ्ठ्यात परत मिसळू नयेत. प्रत्येक नग उजेडात उलगडून पाहावा, विटलेला किंवा पिनेचं भोक पडलेला असेल तर वेगळी चिठ्ठी लावून कमी किमतीत काढावा. पंधरवड्यानंतर तोच नग चांगला म्हणून दिला गेला, तर तो बदलून मागायला येणारी बाई एकटी येत नाही. चौथरे आणि दिवे मात्र हलवायचे नाहीत. आठ-दहा दिवसांत तुळशीची लग्नं लागतात, लग्नसराईचे शालू येतात, आणि मधल्या डमीला लगेच पुन्हा उभं राहायचं असतं.